जाहिरात संस्थेला द्यायचा ब्रीफ: चार ओळींत काय लिहावे?

जात्यावरचा

नमस्कार मंडळी. आमच्या कुटुंबाचा थालीपीठ भाजणीचा व्यवसाय आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना असून डोंबिवली, कल्याण, ठाणे आणि वसई-विरार भागांतील किराणा दुकानांत आमची अर्ध्या किलोची पाकिटे जातात. आजवर दुकानाबाहेरच्या फलकापलीकडे आम्ही जाहिरात केली नव्हती. यंदा प्रथमच सहा लाख रुपये बाजूला काढून अंधेरीतील एका जाहिरात संस्थेकडे गेलो. त्यांनी लेखी ब्रीफ मागितला आणि मी तो पुढीलप्रमाणे दिला.

ग्राहक: १८ ते ६० वयोगटातील सर्व महाराष्ट्रीय कुटुंबे.
संदेश: मंद आचेवर भाजलेली धान्ये, रसायनविरहित, पौष्टिक, तीस वर्षांची परंपरा, महिलांना रोजगार, परवडणारी किंमत आणि झटपट.
सूर: पारंपरिक तरीही आधुनिक, आपुलकीचा, विश्वासार्ह.
उद्दिष्ट: ब्रँडची ओळख वाढवणे आणि विक्री वाढवणे.

तीन आठवड्यांनी त्यांनी तीन कल्पना आणल्या. एकीत जात्यावर बसलेली आजी होती, दुसरीत व्यायामशाळेतून घामाघूम होऊन येणारा तरुण होता आणि तिसरीत आमच्या कारखान्यातील महिला ढोलाच्या तालावर भाजणी परतत होत्या. मला एकही पटली नाही आणि का पटली नाही हेही सांगता आले नाही. त्यांच्या माणसाने शांतपणे माझाच कागद पुढे सरकवला. तिन्ही कल्पना त्यात खरोखरच होत्या. आता त्यांनी नवा ब्रीफ मागितला आहे. याच चार ओळी लिहायच्या असतील तर त्या कशा लिहाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावचा_बाळ्या

आपला उत्पादनप्रकार आवडता असल्यामुळे लगेच एक ओळ सुचली. ‘थाप मारा, पण थालीपिठाची!’ पाहा, शोभते का. मानधन म्हणून दोन पाकिटे पुरतील.

शाईचा_डाग

बाळ्याशेठ, ओळ बरी आहे; पण धागाकर्त्याला जाहिरातीची ओळ नको आहे, ती लिहिणाऱ्याला द्यायचा कागद हवा आहे. मी सोळा वर्षे मराठी आणि हिंदी जाहिरातींचे लेखन करीत असल्यामुळे असे कागद रोज हातात पडतात. ज्या ब्रीफमध्ये ग्राहकाने स्वतःच ओळ लिहून पाठवलेली असते, तो सर्वांत वाईट. आम्ही पुढचे दोन आठवडे ती ओळ सौजन्याने टाळण्यात घालवतो.

आता मूळ कागदाविषयी. आपल्या संदेशात सात गोष्टी आहेत. आमच्या टेबलावर असे झाले की प्रत्येक जण आपल्याला सोपी वाटणारी गोष्ट उचलतो. चित्रकाराने जाते उचलले, नव्या मुलाने पौष्टिकता उचलली आणि ज्याला समाजकार्याच्या जाहिरातीसाठी पारितोषिक हवे होते त्याने महिलांचा रोजगार उचलला. म्हणजे आपण ठरवायची गोष्ट आपण आमच्यावर सोडली आणि आम्ही ती तिघांनी तीन प्रकारे ठरवली.

सुराच्या ओळीला माझी एक साधी कसोटी आहे. लिहिलेल्या विशेषणाच्या विरुद्ध विशेषण कोणाला हवे असेल का, हे पाहावे. ‘अविश्वासार्ह आणि तुसडा सूर ठेवा’ असे कोणीही सांगणार नाही. म्हणून ‘विश्वासार्ह’ आणि ‘आपुलकीचा’ या शब्दांनी मला काहीच कळत नाही. याउलट ‘चेष्टेखोर’ असे लिहिले तर मला काम मिळते, कारण ‘गंभीर’ सूर हवा असणारेही अनेक असतात.

ठाणेकर_अनुराधा

आमच्या शिकवणी वर्गांच्या वेळी अगदी हेच झाले होते. आम्ही चार भागीदार आहोत. ब्रीफचा कागद चौघांमध्ये फिरला आणि प्रत्येकाने एकेक ओळ वाढवली. मी ‘वैयक्तिक लक्ष’ लिहिले होते, गणिताच्या सरांनी ‘सर्वाधिक निकाल’ जोडले, तिसऱ्यांनी ‘वातानुकूलित वर्ग’ आणि चौथ्यांनी ‘स्थानकापासून दोन मिनिटे’. शेवटी छापलेल्या पत्रकाचे सर्वांनी कौतुक केले आणि चौकशीला आलेल्या बहुतेक पालकांना फक्त ‘स्थानकापासून दोन मिनिटे’ लक्षात होते. अर्थात त्या वर्षी प्रवेश बरे झाले, म्हणून भागीदार अजूनही म्हणतात की कागद उत्तमच होता.

खार_रोड_पूर्व

माझ्या मते हा सारा शब्दच्छल आहे. धंदा करणाऱ्याने एकच आकडा लिहावा: ‘सहा महिन्यांत विक्री वीस टक्क्यांनी वाढली पाहिजे.’ मोजता येते, वाद उरत नाही. ग्राहक कोण आणि सूर कोणता हे संस्थेने पाहावे, त्याचेच तर आपण पैसे देतो. आमचा विद्युत उपकरणांचा व्यवसाय आहे आणि मी प्रत्येक संस्थेला हेच सांगतो.

पाचवी_खिडकी

मी जाहिरात संस्थांमध्ये नियोजनाचे काम करते, म्हणजे ग्राहकाचे म्हणणे आणि लेखक-चित्रकारांचे काम यांच्यामध्ये उभी असते. खार रोड यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. उद्दिष्ट मोजता आले पाहिजे, यात शंका नाही. पण विक्रीचा आकडा एकट्या जाहिरातीच्या गळ्यात बांधला की पुढे नक्की भांडण होते. समजा, जाहिरात सुरू असताना डाळींचे भाव चढले आणि आपण पाकिटाची किंमत दहा रुपयांनी वाढवली, किंवा वितरकाने ठाण्याच्या दुकानांत दोन आठवडे माल पोहोचवलाच नाही, तर विक्री पडेल आणि दोष जाहिरातीला जाईल. उलट स्पर्धकाचा कारखाना महिनाभर बंद पडला तर विक्री वाढेल आणि श्रेयही जाहिरातीलाच मिळेल.

ही गोष्ट नवी नाही. रसेल कॉली यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेसाठी नेमके हेच मांडले होते. जाहिरातीचे उद्दिष्ट हे संवादाचे काम असावे; ते कोणत्या लोकांमध्ये, आजच्या कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत आणि किती काळात, हे आधी लिहून ठेवावे. आज सहा दशकांनंतरही बहुतेक कागदांत ‘आजचा आकडा’ हीच जागा रिकामी असते.

जात्यावरचा, आपल्याला मात्र मी चार ओळींआधी एक वेगळा प्रश्न विचारते. आपले पाकीट एकदा घेतलेली व्यक्ती दुसरे पाकीट किती दिवसांनी घेते?

जात्यावरचा

खरे सांगायचे तर हे कधी पाहिले नव्हते. दुकानदार इतकेच सांगतात की नाव सर्वांना माहीत आहे, नवीन माणसेही घेतात, पण तेच तेच लोक फारसे परत येत नाहीत. आम्हाला वाटत होते की चवीत काही कमी असावे.

पाचवी_खिडकी

नाव माहीत असेल तर ‘ओळख वाढवणे’ हे उद्दिष्ट आजच खोडून टाका. झालेल्या कामावर सहा लाख कशाला घालवायचे? येत्या शनिवारी-रविवारी दोन-तीन दुकानांत उभे राहा. एकदा घेऊन परत न आलेल्या ग्राहकांना गाठा. ‘भाजणी कशी वाटली?’ असे विचारू नका, कारण सगळे ‘छान’ म्हणतील. ‘मागचे पाकीट आता कुठे आहे?’ असे विचारा. जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, सुधारू नका.

शाईचा_डाग

आणि कृपया मराठीत लिहून आणा. ग्राहक मराठीत बोलतो, मालक ते इंग्रजीत लिहितो, आम्ही इंग्रजीत कल्पना मांडतो आणि अखेरीस त्याचे पुन्हा मराठी करायला मला बसवतात. या प्रवासात जे मरते ते लोकलमधल्या जाहिरातींवर रोज दिसते.

खार_रोड_पूर्व

हे शोभून दिसायला ठीक आहे, पण संस्थेतील निम्म्या मंडळींना मराठी वाचता येत नाही. ब्रीफ इंग्रजीतच द्यावा लागतो. व्यवहार पाहा.

शाईचा_डाग

कागद कोणत्याही भाषेत द्या. ग्राहकाचे वाक्य मात्र आहे तसे देवनागरीत ठेवून खाली अर्थ लिहा. ज्याला वाचता येत नाही तो शेजाऱ्याला विचारेल. त्या निमित्ताने दोघे बोलतील तरी.

जात्यावरचा

दोन दिवस तीन दुकानांत उभा राहिलो आणि एकतीस जणांशी बोललो. त्यांत चार पुरुष होते. काही उत्तरे त्यांच्याच शब्दांत देतो.

‘पाकीट आहे ना घरी. रबर लावून पोह्यांच्या डब्यामागे ठेवलंय.’

‘थालीपीठ म्हणजे कसं, निवांत पाहिजे हो. थापायचं, भोकं पाडायची. ऑफिसमधून आल्यावर कोण करणार?’

‘रविवारी करू म्हणते आणि रविवारी मटण असतं.’

या शेवटच्या बाई कल्याणच्या होत्या आणि हे सांगताना त्यांचे त्यांनाच हसू आले. एकतीसपैकी एकोणीस जणांच्या घरी आमचे अर्धवट पाकीट पडून होते. चवीबद्दल केवळ दोघांनी तक्रार केली. म्हणजे माझी समजूत साफ चुकीची होती.

पाचवी_खिडकी

कल्याणच्या बाईंचे वाक्य ब्रीफच्या अगदी वरच्या बाजूला लिहा. त्यात आपला खरा प्रतिस्पर्धी आहे. तो दुसऱ्या कंपनीची भाजणी नसून रविवारचे मटण आहे. लोकांनी थालीपीठ मनातल्या मनात रविवारच्या कप्प्यात टाकले आहे आणि रविवारी त्याला जागाच नाही. त्यामुळे पाकीट संपत नाही आणि ते संपत नाही म्हणून दुसरे घेतले जात नाही.

आता आपल्या सात गोष्टी या अडचणीसमोर एकेक करून ठेवून पाहा. तीस वर्षांच्या परंपरेने पोह्यांच्या डब्यामागचे पाकीट बाहेर येईल का? महिलांच्या रोजगाराने? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, चांगल्याही आहेत, पण त्यांच्यामुळे मंगळवारी रात्री आठ वाजता कोणी तवा ठेवणार नाही. मंद आचेवरची धान्ये आणि जात्यावरची आजी यांनी तर उलट अधिकच निवांतपणा सुचवला जाईल. म्हणजे संस्थेची पहिली कल्पना वापरली असती, तर आपण आपल्याच पैशांनी अडचण वाढवली असती.

सातांपैकी एकच या कुलपाला लागते आणि ती आपण सर्वांत शेवटी, अगदी जाता जाता लिहिली होती: ‘झटपट’.

गिरगावचा_बाळ्या

म्हणजे संदेश ‘झटपट थालीपीठ’. झाले की! दोन पाकिटांची आठवण असू द्यावी.

शाईचा_डाग

‘झटपट’ हा शब्द शेवयांच्या पाकिटापासून कर्जापर्यंत सर्वांवर आहे. आपल्या वाक्यात स्पर्धकाचे नाव घालून पाहावे. वाक्य तसेच्या तसे बसले तर ते अजून आपले झालेले नाही. दुसरे म्हणजे, संदेश ही घोषणा नव्हे. ती जाहिरात पाहून झाल्यावर पाहणाऱ्याच्या मनात उरावी अशी एक समजूत आहे आणि ती साध्या वाक्यात लिहावी. माझ्या मते ती अशी असावी: ‘थालीपीठ कामाच्या दिवशी संध्याकाळीही होते.’ यात यमक नाही, चमक नाही. ती आणायचे काम आमचे.

जात्यावरचा

हे वाक्य फारच पटले. पुरावा म्हणून मी काल घड्याळ लावून पाहिले. पाकीट उघडणे, कांदा चिरणे, पीठ भिजवणे आणि पहिले थालीपीठ तव्यावरून उतरणे, यांस आमच्या घरी बरोबर १४ मिनिटे लागली. ‘१४ मिनिटांत थालीपीठ’ असे ठळक लिहिता येईल का?

ठाणेकर_अनुराधा

आपल्या घरी थापले कोणी?

जात्यावरचा

आईने.

ठाणेकर_अनुराधा

मला वाटलेच. तीस वर्षे भाजणी करणाऱ्या घरातील आईच्या १४ मिनिटांवर डोंबिवलीला लोकलमधून उतरलेल्या बाईने विश्वास का ठेवावा? माझे पहिले थालीपीठ तर तव्याला चिकटून तिथेच राहते. आमच्या वर्गाच्या निकालाच्या वेळीही सरांनी केवळ पहिल्या तुकडीची सरासरी छापली होती आणि पालकांनी पहिल्याच सभेत ती उघडी पाडली होती.

पाचवी_खिडकी

अनुराधाताईंनी फार महत्त्वाचे बोट ठेवले. ब्रीफमध्ये संदेशाखाली पुरावा लिहायचा असतो आणि तो ज्याच्यासाठी जाहिरात आहे त्याच्या स्वयंपाकघरात टिकला पाहिजे. शिवाय आकडा छापला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. १९८५ पासून मुंबईतच जाहिरात मानक परिषद आहे. एखाद्याने तक्रार केली तर ती पुरावा मागते. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी २०१८ चे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम आहेत आणि ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ यांसारखे शब्दही मनास येतील तसे वापरता येत नाहीत. आपल्या पहिल्या कागदातील ‘रसायनविरहित’ हा शब्दही छापण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. बंधनांची ही ओळ ब्रीफच्या तळाशी आधीच असावी, नाहीतर कल्पना मंजूर झाल्यावर ती मोडावी लागते.

पुन्हा वेळ लावा, पण तीन ग्राहकांच्या घरी जाऊन.

जात्यावरचा

लावली. तिघींनी यापूर्वी फार तर एक-दोनदा थालीपीठ केले होते. १९, २२ आणि २६ मिनिटे लागली. २६ मिनिटे लागली त्यांचा गॅस मध्येच संपला, तरी मी तो आकडा ठेवला आहे. एक गोष्ट कळली: तिघींनीही पिठात पाणी कमी घातले, त्यामुळे थापायला वेळ गेला. पाकिटावर आम्ही पाण्याचे प्रमाण दिलेलेच नाही. ते आता छापणार आहोत.

शाईचा_डाग

उत्तम. ‘नवख्या हातांनाही अर्ध्या तासाच्या आत’ असे लिहा. मला १४ मिनिटांपेक्षा गॅस संपलेल्या २६ मिनिटांची गोष्ट अधिक कामाची वाटते.

खार_रोड_पूर्व

सर्व काही रंगतदार चालले आहे, पण माझा मुद्दा तसाच आहे. समजूत बदलली आणि विक्री वाढली नाही, तर सहा लाखांचे काय? मी समजूत विकत नाही, मिक्सर विकतो.

पाचवी_खिडकी

आपला प्रश्न रास्त आहे. म्हणून मी दोन पातळ्या वेगळ्या लिहिते. वरची पातळी व्यवसायाची: आपल्या बाबतीत दुकानांकडून येणाऱ्या फेरमागणीची. ती जरूर लिहावी, म्हणजे संस्थेला कळते की हे सर्व कशासाठी चालले आहे. तिची जबाबदारी मालक, वितरक आणि संस्था अशा तिघांची. खालची पातळी जाहिरातीची: कामाच्या दिवशी थालीपीठ करणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण. तिच्यावर संस्थेला धरावे. खालची हलली आणि वरची हलली नाही, तर दुकानात माल होता का, किंमत बदलली का, हे पाहायचे. खालचीच हलली नाही, तर जाहिरात फसली. केवळ विक्रीचा आकडा असेल तर या दोन अपयशांतील फरकच कळत नाही.

खार_रोड_पूर्व

फरक कळून पैसे परत मिळत नाहीत, पण ठीक आहे. मी तरी विक्रीच लिहीन.

गणिताचा_तास

उशिरा आलो, क्षमस्व. संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त मोजणीबद्दल बोलतो. आजचा आकडा कसा काढणार आहात?

जात्यावरचा

सहा महिन्यांत आमचे पाकीट घेतलेल्या १५० ग्राहकांना दुकानांत एकच प्रश्न विचारला: ‘गेल्या पंधरा दिवसांत सोमवार ते शुक्रवार यांपैकी एखाद्या दिवशी घरी थालीपीठ केले का?’ १८ जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे १२ टक्के. दहा आठवड्यांत हे २० टक्के व्हावेत असे लिहिणार आहे.

गणिताचा_तास

प्रश्न चांगला आहे, कारण तो मत विचारत नाही, घडलेली गोष्ट विचारतो. पण १५० जणांमध्ये १२ टक्के मिळाले, तर खरा आकडा साधारण ७ ते १७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. दहा आठवड्यांनी पुन्हा वेगळ्या १५० जणांना विचारून २० टक्के आले, तर ती वाढ खरी की निवडलेल्या माणसांचा योगायोग, हे अगदी काठावर राहील. १५ आले तर काहीच म्हणता येणार नाही. आपण आणि संस्था दोघेही त्या एकाच आकड्यावरून उलटसुलट दावे कराल.

दोन वाटा आहेत. दोन्ही वेळी ३०० जणांना विचारा, म्हणजे आठ टक्क्यांचा फरक बऱ्यापैकी विश्वासाने दिसेल. किंवा १५० वरच थांबून उद्दिष्ट २५ टक्के ठेवा. लहान बदल पाहायचा तर माणसे जास्त लागतात, याला इलाज नाही.

आणखी एक. आपण पावसाळ्यात जाहिरात करणार असाल, तर पावसात लोक तशीही गरमागरम थालीपिठे जास्त करतात. जाहिरात नसलेल्या भागातही हाच प्रश्न आधी आणि नंतर विचारा. डोंबिवली-कल्याण-ठाणे येथे जाहिरात करा आणि वसई-विरार मोकळे ठेवा. वसईतही तेवढीच वाढ झाली तर श्रेय पावसाचे.

वसईचा_पाहुणा

सूचनेचा निषेध. जाहिरात पाहण्याचा आमचा हक्क हिरावून घेतला जात आहे.

ठाणेकर_अनुराधा

एक भाबडा प्रश्न. सहा लाखांचा आकडा ब्रीफमध्ये लिहावा का? आमच्या भागीदारांचे मत होते की आकडा सांगितला की संस्था तेवढा पूर्ण खर्च करते.

जात्यावरचा

मी पहिल्या वेळी लपवला होता. त्या ढोलाच्या कल्पनेचा चित्रीकरणाचा खर्चच साडेआठ लाख निघाला.

शाईचा_डाग

लिहावा. शिंप्याला कापड किती आहे ते न सांगता शेरवानी शिवायला सांगण्यासारखे आहे ते.

खार_रोड_पूर्व

येथे मी भागीदारांच्या बाजूने आहे. पाच सांगावे, सहा ठेवावे.

जात्यावरचा

सर्वांच्या सूचनांवरून नवा मसुदा केला आहे. मूळ प्रश्न हाच होता, म्हणून पूर्ण देतो.

अडचण: आमचे नाव लोकांना माहीत आहे आणि चव आवडते, पण थालीपीठ हे निवांत रविवारचे काम समजले जात असल्यामुळे पाकीट घरात पडून राहते. ‘रविवारी करू म्हणते आणि रविवारी मटण असतं.’ (कल्याण येथील ग्राहक)

कोणासाठी: डोंबिवली, कल्याण आणि ठाणे येथे राहणारी, नोकरीसाठी मुंबईला ये-जा करणारी, तिशी-पस्तिशीतील बाई. थालीपीठ खात मोठी झाली आहे, पण स्वतः क्वचित करते. संध्याकाळी आठच्या सुमारास घरी पोहोचते. आमचे अर्धवट पाकीट तिच्या घरात आहे.

एकच संदेश: थालीपीठ कामाच्या दिवशी संध्याकाळीही होते.

पुरावा: नवख्या हातांनाही अर्ध्या तासाच्या आत; तीन ग्राहकांच्या घरी वेळ लावून पाहिली आहे आणि छापण्यापूर्वी आणखी दहा घरांत पाहू.

सूर: लोकलमधल्या रोजच्या मैत्रिणीचा, चेष्टेखोर आणि थोडा आगाऊ. सासूने किंवा आहारतज्ज्ञाने शिकवल्यासारखा नको. आजी आणि जाते नकोत.

उद्दिष्ट: कामाच्या दिवशी थालीपीठ करणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण दहा आठवड्यांत १२ टक्क्यांवरून २० टक्के, दोन्ही वेळी ३०० जणांना विचारून, वसई-विरारशी तुलना करून. यातून फेरमागणी वाढावी, ही आमची आणि वितरकाची जबाबदारी.

बंधने: एकूण खर्च, निर्मितीसह, सहा लाख. छापील दाव्यांची आधी तपासणी.

शाईचा_डाग

हा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा न पिता कामाला लागलो असतो. दोन शंका. ‘आजी नको’ ही सूचना मला थोडी खटकते. ती कल्पनेवर घातलेली बंदी आहे. एखाद्याला आगाऊ, चेष्टेखोर आजी सुचली तर? ‘निवांतपणा सुचेल असे काही नको’ इतके पुरे. दुसरी शंका म्हणजे बाईच का? आपल्या एकतीस जणांत चार पुरुष होते. तवा त्यांनाही ठेवता येतो.

पाचवी_खिडकी

आजीबद्दल सहमत. पुरुषांबद्दल नाही. ब्रीफमध्ये एका व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवले म्हणून इतरांना जाहिरात दिसायची थांबत नाही. ‘बाई आणि पुरुष’ लिहिले की पुन्हा ‘सर्व महाराष्ट्रीय कुटुंबे’ व्हायला वेळ लागणार नाही.

शाईचा_डाग

मग पुरुषच लिहून पाहा. आठ वाजता तोही घरी येतोच आणि ‘आज काय आहे?’ असे विचारतो. जाहिरात तिथून सुरू होऊ शकते.

ठाणेकर_अनुराधा

या मुद्द्यावर आमच्या घरातील मतदान एकास एक असे झाले आहे.

गणिताचा_तास

मसुद्यात १२ टक्के हा आकडा आहे, पण तो १५० जणांवरून काढलेला आहे. तुलना ३०० शी करायची असेल तर आधीची मोजणीही ३०० जणांची हवी. उरलेल्या १५० जणांना जाहिरात सुरू होण्यापूर्वीच विचारा. वसईची मोजणी अजून एकदाही झालेली दिसत नाही.

जात्यावरचा

खरे आहे. येत्या शनिवारी वसईला जातो. आजीची ओळ बदलली आहे. बाई की पुरुष, हे अजून ठरवलेले नाही. आईला विचारले तर म्हणाली, ‘ज्याला भूक लागेल त्याला लिही.’

वसईचा_पाहुणा

शनिवारी स्थानकाजवळच्या दुकानात असाल तर येतो. पंधरा दिवसांत सोमवार ते शुक्रवार थालीपीठ केलेले नाही, हे आत्ताच नोंदवून घ्यावे.